टर्मशीट फोडून कसं वाचायचं : ठरलेलं, राहिलेलं आणि कुणी काय करायचं

आमचा वाटणीचा दावा लातूरच्या दिवाणी न्यायालयात होता. कोर्टाने तो मध्यस्थीला पाठवला. तिसऱ्या बैठकीत मध्यस्थ वकील मॅडमनी काय काय ठरलं त्याचा सात ओळींचा कागद लिहून घेतला. त्याला सगळे टर्मशीट म्हणत होते. दादा, ताई, आई आणि मी, चौघांनी सह्या केल्या, खाली कँटीनला चहा घेतला आणि प्रकरण मिटलं असं समजून घरी आलो. पंधरा दिवसांनी दोन्ही वकील तडजोड पुरसिस, म्हणजे कोर्टात दाखल करायचं तडजोडीचं लेखी निवेदन, लिहायला बसले, तेव्हा कळलं की सात ओळींपैकी जेमतेम दोनच खरोखर ठरलेल्या आहेत. पुढच्या बैठकीपूर्वी मी तो कागद वहीत फोडून लिहिला. कसा लिहिला ते इथे सांगतो. तुमचं प्रकरण शेताच्या वाटणीचं असेल तर बरंचसं जसंच्या तसं उपयोगी पडेल.

आमच्या सात ओळी अशा होत्या. आकडे आणि तपशील थोडे बदलले आहेत.

१. गटाचं क्षेत्र ४ हेक्टर ८० आर. दादा १.९०, मी १.७०, ताई १.२०.
२. विहीर दादाच्या वाट्यात, पाणी दोघा भावांनी वापरावे.
३. ताईचा वाटा कमी म्हणून दादाने तिला ४ लाख रुपये दोन हप्त्यांत द्यावेत.
४. बँकेचा बोजा दादाने फेडावा.
५. गावातले घर दादाकडे, आईचा हक्क राहील.
६. उभी तूर ज्याने पेरली त्याने काढावी.
७. सर्वांनी दावा मागे घ्यावा.

१. आधी कागद गोळा करा, मगच वही उघडा

टर्मशीट एकटं वाचून काही कळत नाही. त्याच्या शेजारी हे ठेवा :

- दाव्याची प्रत, विशेषतः मिळकतीचं वर्णन असलेलं पान
- ताजा सातबारा आणि आठ-अ
- गटाचा नकाशा
- बँकेचा थकबाकीचा उतारा, तारखेसह
- घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ उतारा
- दाव्यातल्या सगळ्या पक्षकारांची यादी आणि कोण सज्ञान, कोण नाही

शेवटची यादी आम्ही केलीच नव्हती. दाव्यात कुणी अज्ञान मुलगा किंवा मुलगी पक्षकार असेल, तर त्यांच्या वतीने पालकाने केलेल्या तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३२, नियम ७ आहे तो हाच. परवानगी न घेता झालेली तडजोड पुढे त्या मुलाला मोडून मागता येते. आमच्या दाव्यात सगळे सज्ञान होते, हे नशीब.

२. एक ओळ म्हणजे एक मुद्दा नव्हे

बहुतेक जण चुकतात ते इथे. टर्मशीटच्या सात ओळी म्हणजे सात मुद्दे असं धरून प्रत्येकापुढे बरोबरची खूण करत जातात. पण एकाच ओळीत ठरलेलं आणि न ठरलेलं एकमेकांत मिसळलेलं असतं. म्हणून आधी ओळ फोडायची.

फोडल्यावर प्रत्येक तुकड्याला मी चार प्रश्न विचारले. कुणी करायचं? नेमकं काय आणि किती? कोणत्या तारखेपर्यंत? आणि नाही केलं तर काय? चारही उत्तरं कागदावर असतील तरच तो तुकडा 'ठरलं' या खणात. एक जरी नसेल तर जेवढं ठरलं तेवढं तिथे ठेवायचं आणि उरलेला प्रश्न 'राहिलं' या खणात टाकायचा.

आमच्या वकिलांनी आणखी एक कसोटी दिली आणि मला ती जास्त आवडली. हा कागद उद्या तलाठ्याच्या टेबलावर गेला तर आपल्याला एकही प्रश्न न विचारता त्याला फेर, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, लिहिता येईल का? येत नसेल तर ती ओळ अजून कच्ची आहे.

३. विहिरीची ओळ फोडून बघू

'विहीर दादाच्या वाट्यात, पाणी दोघा भावांनी वापरावे.' वाचायला सरळ वाटते. यात ठरलेलं दोनच : विहिरीखालची जागा दादाच्या हिश्श्यात जाणार आणि मला पाणी घेण्याचा हक्क राहणार. आता राहिलेलं बघा.

पाळी कशी? आमच्याकडे शेतीची थ्री-फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. दादा म्हणाला, 'चार दिवस तुझे, तीन माझे.' ऐकायला उदार वाटलं. पण चार दिवस कोणत्या आठवड्याचे? वर्षभर रात्रीची पाळी माझ्याच वाट्याला आली तर मी काय करणार, बॅटरी धरून बांधावर उभा राहणार? शेवटी दिवस मोजणं सोडून दिलं आणि आठवड्यांची जोडी धरली. दिवसाच्या वीजेचा आठवडा अर्धा-अर्धा, रात्रीचाही अर्धा-अर्धा.

पाइपलाइन कुठून? विहीर त्याच्याकडे, शेत माझं पलीकडे. पाइप त्याच्या वाट्यातून जाणार. ती जागा आणि दुरुस्तीसाठी आत जायची मुभा लिहिली नाही, तर पाण्याचा हक्क नुसता कागदावर.

वीज मीटर कुणाच्या नावे आणि बिल कोण भरणार? मीटर वडिलांच्या नावावर होतं. मोटार जळली तर खर्च कुणाचा? गाळ काढायचा तर कुणाचा? आणि मे महिन्यात विहीर तळाला गेली तर उरलेल्या पाण्यावर आधी हक्क कुणाचा?

एका ओळीतून दोन ठरलेले तुकडे आणि सहा राहिलेले प्रश्न निघाले. भावाभावांतली भांडणं वाटणीच्या आकड्यांवरून जेवढी होत नाहीत तेवढी मोटारीच्या बिलावरून होतात, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. पाण्याचा हक्क आणि पाइपलाइनचा मार्ग कोर्टाच्या हुकूमनाम्यात यावा आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत त्याची नोंद व्हावी, एवढं तरी पक्कं करून घ्या.

४. क्षेत्र ठरलं, जागा ठरली का?

पहिल्या ओळीतले तीन आकडे बेरजेला बरोबर ४.८० येतात. म्हणून सगळ्यांना वाटलं की ही ओळ तरी पक्की. पण कोणती बाजू कुणाची, हे कुठेच नव्हतं. आमच्या गटाची पूर्वेकडची जमीन काळी आणि पश्चिमेची मुरमाड. पट्टे उभे पाडले तर एकाला सगळी काळी, एकाला सगळा मुरूम. आडवे पाडले तर प्रत्येकाला दोन्ही मिळते, पण मधल्याला रस्त्यावर यायला वाट राहत नाही.

त्यात सातबारा नीट वाचल्यावर ४.८० मध्ये २० आर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, निघाला. तो ओढा आहे. तो कुणाच्या वाट्यात धरायचा, की तिघांत प्रमाणात?

म्हणून या ओळीचं 'ठरलं' असं लिहिलं : तिघांचं क्षेत्र, आणि पट्टे आडवे. 'राहिलं' मध्ये गेलं : वाट, पोटखराबा आणि मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आजच लिहून ठेवता येतं : 'मोजणीत कमी-जास्त निघाल्यास तिघांनी आपापल्या प्रमाणात सोसावे.' हे एक वाक्य लिहिल्यामुळे मोजणीच्या दिवशी बांधावरचं भांडण टळलं.

ज्यांची जमीन थोडी आहे त्यांनी इथे तुकडेबंदी बघून घ्यावी. २०२३ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान वाटा लिहिला तर नोंदीला अडचण येते. आमचा सगळ्यात लहान वाटाही १.२० हेक्टर, त्यामुळे आम्हाला प्रश्न आला नाही.

आणि एक. शेतसारा असलेल्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी कोर्टाच्या हुकूमनाम्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५४). म्हणजे हुकूमनामा झाला की दुसऱ्या दिवशी बांध पडत नाही. तहसील, भूमी अभिलेख, मोजणी, फेर असा पुढचा रस्ता आहे. म्हणून आम्ही चौघांच्या सह्यांचा कच्चा नकाशा पुरसिसला जोडला. कोणता पट्टा कोणत्या धुऱ्यापासून सुरू, हे त्यावर हाताने लिहिलं.

५. बाहेरचा माणूस : बँक

'बँकेचा बोजा दादाने फेडावा.' ही ओळ आमच्यात ठरलेली आहे, पण बँकेने त्यावर सही केलेली नाही आणि करणारही नाही. पीक कर्ज दादाने काढलं असलं तरी बोजा सगळ्या गटावर आहे. वाटणी झाली तरी तो ताईच्या १.२० वर आणि माझ्या १.७० वर तसाच राहतो. बँकेला आमची तडजोड बंधनकारक नाही.

म्हणून 'ठरलं' मध्ये एवढंच लिहा : कर्ज दादा फेडणार, ३१ मार्चपर्यंत. 'राहिलं' मध्ये : तोपर्यंत बँकेने आमच्या वाट्यावर वसुली आणली तर आम्ही भरलेले पैसे दादाकडून कसे वसूल करायचे. आणि दादाच्या कामाच्या यादीत चार पायऱ्या वेगवेगळ्या : बँकेतून त्या तारखेची येणे रक्कम लेखी घेणे, भरणा करणे, कर्ज फिटल्याचा म्हणजे बेबाकीचा दाखला घेणे, तो तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करण्याचा फेर लावणे. पुष्कळ लोक तिसऱ्या पायरीवर थांबतात. दाखला ट्रंकेत आणि बोजा सातबाऱ्यावर, असं वर्षानुवर्षं चालतं.

६. घराची ओळ : सगळ्यात मोठा सापळा

आमचा दावा फक्त शेताचा होता. घर दाव्यात नव्हतंच. मध्यस्थीत बोलता बोलता घराचंही ठरलं, कारण मध्यस्थीत सगळंच बोलता येतं. पण कागदावर आल्यावर अडचण झाली.

नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणीतून सूट आहे, पण ती दाव्यातल्या मिळकतीपुरती. दाव्याबाहेरची स्थावर मिळकत तडजोडीत घातली तर तेवढ्यापुरता हुकूमनामा नोंदवावा लागतो. आमच्या वकिलांनी दोन वाटा सांगितल्या. एक, दावा दुरुस्त करून घर त्यात आणायचं. दोन, तडजोडीत घराबद्दल फक्त वचन ठेवायचं आणि वेगळं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. आम्ही दुसरी घेतली, कारण पहिलीत तारखा वाढल्या असत्या.

म्हणून सांगतो, दाव्यातलं मिळकतीचं पान टर्मशीटशेजारी ठेवा आणि प्रत्येक जागेवर बोट ठेवून विचारा, ही दाव्यात आहे का? नसेल तर पुढे लाल खूण करा.

ओळीचा दुसरा भाग 'आईचा हक्क राहील'. कसला हक्क? मालकीचा की राहण्याचा? दोन्ही वकील आपापल्या सोयीचा अर्थ लावत होते. शेवटी मॅडमनी आईलाच विचारलं. आई म्हणाली, 'मला घर नको. पुढची खोली अन् देवघर पाहिजे, मी हाय तवर.' आम्हा तिघांना इतक्या दिवसांत तिला हे विचारायचं सुचलं नव्हतं. 'पुढची खोली व देवघर आईच्या हयातीपर्यंत वापरास, तोपर्यंत घर विकू वा गहाण ठेवू नये,' असं वाक्य तयार झालं आणि हा तुकडा 'ठरलं' मध्ये गेला.

७. पैसे आणि दावा : कोण आधी?

तिसरी आणि सातवी ओळ एकत्र वाचा. दादाचं म्हणणं होतं, आधी दावा काढा मग पैसे. ताईचं म्हणणं, आधी पैसे मग दावा. दोघांच्याही कामापुढे 'समोरच्याने केल्यावर' असं लिहिलं तर कुणीच हलणार नाही. कामांची यादी करताना प्रत्येक कामापुढे ते कशावर अडलंय हे लिहिलं की असा वेढा लगेच दिसतो.

आधी सातवी ओळ बदलली. 'दावा मागे घ्यावा' हे शब्द टाळा. दावा नुसता मागे घेतला तर हातात हुकूमनामाच राहत नाही. उद्या दादाने हप्ता चुकवला तर ताई कशाची अंमलबजावणी मागणार? त्याऐवजी लिहायचं : 'तडजोडीच्या शर्तींप्रमाणे हुकूमनामा व्हावा.' हा आदेश २३, नियम ३ चा मार्ग. तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची लागते, आणि ती दाव्याच्या काही भागापुरतीही चालते. म्हणजे सगळं ठरलं नाही तरी ठरलेल्या भागाचा हुकूमनामा मागता येतो. फक्त 'हे सगळं मिळून एकच' की 'जेवढं ठरलं तेवढं लागू', हे चौघांनी आधी ठरवून लिहायचं.

मग पैसे. पहिला हप्ता २ लाख, डिमांड ड्राफ्टने, पुरसिस दाखल करायच्या दिवशी कोर्टातच. दुसरा २ लाख, ३० एप्रिलपर्यंत, हरभऱ्याचे पैसे हाती आल्यावर. चुकला तर द.सा.द.शे. ९ टक्के व्याज आणि रक्कम फिटेपर्यंत दादाच्या वाट्यावर तिचा बोजा. हे मान्य व्हायला दोन तास गेले. पण वेढा सुटला, कारण पहिला हप्ता आणि सही एकाच टेबलावर, एकाच वेळी झाली.

८. 'राहिलं' खणात काय लिहायचं नाही

मध्यस्थीत जे बोललं जातं ते गोपनीय असतं. कोर्टात ते सांगता येत नाही आणि कागदावर येऊन फिरायलाही नको. मी पहिल्या वहीत भाबडेपणाने लिहिलं होतं, 'दादा मोटारीचा निम्मा खर्च द्यायला जवळजवळ तयार होता.' वकिलांनी ते पान फाडायला लावलं. दादाने ते वाचलं असतं तर 'मी कधी म्हणालो?' इथूनच पुन्हा सुरुवात झाली असती.

राहिलेला मुद्दा नेहमी प्रश्न म्हणून लिहा. कोण कुठवर आला होता ते लिहू नका. 'मोटार दुरुस्तीचा खर्च कोणत्या प्रमाणात?' एवढंच. सोबत, तो कोण सोडवणार आणि कधी. चौघांनी बोलून सुटण्यासारखा असेल तर पुढच्या बैठकीची तारीख. मोजणीवर अवलंबून असेल तर मोजणी. कायद्याचा असेल तर वकील.

९. शेवटची पानं

प्रत्येकाला वेगळं पान द्या. एकाच कागदावर सगळ्यांची कामं लिहिली की जो तो दुसऱ्याचीच वाचतो. आमची पानं साधारण अशी होती.

दादा : थकबाकीचा लेखी आकडा पुढच्या बैठकीला आणणे. पुरसिसच्या दिवशी २ लाखांचा ड्राफ्ट. ३१ मार्चला कर्ज, एप्रिलमध्ये बोजा कमी करण्याचा फेर. ३० एप्रिलला दुसरा हप्ता. हक्कसोडपत्राचं मुद्रांक शुल्क किती, ते दुय्यम निबंधक कार्यालयातून काढणे आणि भरणे.

ताई : घराचं हक्कसोडपत्र लिहून देणे, पण पहिला ड्राफ्ट वटल्यावर. आधार, पॅन, फोटो. मोजणीच्या दिवशी हजर राहणे किंवा कुणाला अधिकार देणार ते लेखी कळवणे.

मी : घराच्या हक्कसोडपत्रावर ताईबरोबर सही. हुकूमनाम्याच्या नकलेसाठी अर्ज. नक्कल मिळाल्यावर तहसील आणि भूमी अभिलेखकडे पाठपुरावा, मोजणीची फी तिघांत. फेर लागल्यावर नोटिशीची मुदत संपेपर्यंत सातबारा तपासत राहणे. वीज मीटर नाव बदलाचा अर्ज.

आई : पुरसिसवर सही आणि त्या दिवशी कोर्टात हजेरी. घराच्या हक्कसोडपत्रावर सही, पण तिचा राहण्याचा हक्क त्यात लिहिल्यावरच.

तूर दादाने पेरली होती, ती जानेवारीत काढल्यावर माझ्या पट्ट्याचा ताबा मला मिळणार, हेही लिहिलं. ही ओळ मुळातच जवळजवळ पक्की होती, फक्त तारीख घातली.

ही पानं मध्यस्थ मॅडमना दाखवली. त्यांनी दोन शब्द बदलले, तडजोडीचा अंतिम करार त्यावरून टाईप झाला, चौघांच्या आणि त्यांच्या सह्या झाल्या आणि तो कोर्टात गेला. पाळी, पाइपलाइन आणि वाट यांचं त्या बैठकीत ठरलं.

मे महिन्यात विहीर आटली तर आधी पाणी कुणाचं, हा प्रश्न काही सुटला नाही. करारात तो लपवला नाही. 'हा मुद्दा खुला आहे, १ एप्रिलपूर्वी उभय बंधूंनी विहिरीवर भेटून ठरवावा, न ठरल्यास पुन्हा मध्यस्थीस जावे,' असं लिहिलं. एप्रिलच्या आत आम्ही दोघं विहिरीवर भेटलो. तोपर्यंत पाणी दोन परस उरलं होतं.